नळाची झिलई आणि पाण्याचे डाग

पुण्यात नळ घेताना आधी पाणी पाहावे, रंग मागाहून. खडकवासल्याचे पाणी मऊ. बोअरचे नि टँकरचे बहुधा जड. जड पाण्याचा थेंब वाळला की त्यातला चुना मागे उरतो. तोच पांढरा डाग!

आमच्या न्हाणीघरात बोअरचे पाणी येते. त्या पाण्याचा एकेक थेंब मी चार नळांवर रात्रभर वाळू दिला. सकाळी मॅट काळ्यावर खडूने काढल्यासारखे कडे उठले होते. चकचकीत क्रोमवरही ते दिसले. ब्रश्ड निकेलच्या बारीक रेघांत मात्र ते शोधावे लागले. साध्या पितळेवर डागाभोवती काळसर छटाही आली.

टिकाऊपणाचा हिशेब निराळा. क्रोमचा थर पातळ, पण फार कठीण; निकेल त्याहून मऊ, म्हणून चरे लवकर पडतात. काळा नुसता रंग असेल तर कडांवरचा उडून आतली धातू दिसते. तेव्हा तो रंग आहे की पीव्हीडी थर, हे दुकानदाराला विचारावे. पितळेवर थर नसेल तर उडायचे काहीच नाही. चिंचेने घासले की ते पुन्हा उजळते.

क्रोमवरचा चुना व्हिनेगर-पाण्याच्या फडक्याने पाच मिनिटांत सुटतो. मग नळ धुऊन पुसावा. संडास धुण्याचे ॲसिड मात्र लावू नये, ते क्रोमच खाते. म्हणून जड पाण्याच्या घरी माझे मत क्रोमला. रोज पुसायला वेळ नसेल, तर निकेलला.