अगारवरचे बोटांचे ठसे: वसाहती मोजायच्या की ओळखायच्या?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमध्ये एक प्रयोग हमखास असतो. हात न धुता, पाण्याने धुऊन, साबणाने धुऊन आणि सॅनिटायझर लावून बोटे अगार प्लेटवर टेकवायची आणि काय उगवते ते पाहायचे. प्रयोग सोपा आहे, साहित्य मोजके लागते, पण निष्कर्ष लिहिताना बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. पाण्याने धुतलेल्या बोटांच्या भागात न धुतलेल्यापेक्षा जास्त वसाहती दिसतात आणि विद्यार्थी लिहून टाकतो, ‘पाण्याने हात धुतल्यास जिवाणूंची संख्या वाढते.’ काही जण तर हा आकडा चुकीचा समजून तो भाग पुन्हा करतात. खरे तर आकडा बरोबर असतो आणि प्रयोगातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट त्याच आकड्यात असते. एक नमुना जर्नल समोर ठेवून ते कसे वाचायचे, ते पाहू.

प्लेट आणि ठसा

माध्यम साधे न्यूट्रिअंट अगार. एक लिटर पाण्यात पेप्टोन 5 ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट 3 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम आणि अगार 15 ग्रॅम. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सियसला 15 मिनिटे ठेवायचे, साधारण 50 अंशांपर्यंत निवू द्यायचे आणि 90 मिलिमीटरच्या पेट्री प्लेटमध्ये सुमारे 20 मिलिलिटर ओतायचे. यापेक्षा गरम ओतले तर झाकणाला वाफ धरते आणि तिचे थेंब अगारवर पडतात. ओतलेल्या प्लेट वापरण्याआधी नीट कोरड्या होऊ द्याव्यात. हातावरच्या जिवाणूंची वाढ मोजायच्या प्रयोगात ओलसर पृष्ठभाग सगळे बिघडवतो.

प्लेटच्या तळाला मार्करने चार भाग आखायचे. नावे तळालाच लिहायची, कारण झाकण फिरले की कोणता भाग कोणता हे कळत नाही. बोटे अलगद टेकवायची आणि सरळ उचलायची. दाबली तर अगार फाटतो, घासली तर वसाहती मोजता येत नाहीत. सगळीकडे तीच बोटे वापरली तर दुसऱ्यांदा टेकताना पहिल्या ठशात थोडे जिवाणू गेलेले असतात आणि बोटाला पेप्टोन लागलेले असते. म्हणून एकाच व्यक्तीचा ठसा घ्यायचा असेल तर मध्ये वेळ जाऊ द्यावा. नाहीतर हात वाटून घ्यावेत.

सोबत एक प्लेट नियंत्रणासाठी. तिला बोट लावायचे नाही, पण बाकीची प्लेट जितका वेळ उघडी असेल तितका वेळ तीही उघडी ठेवायची. मग दोन्ही प्लेट उलट्या करून 30 अंशांना 48 तास ठेवायच्या. 24 तासांनी मोजून मोकळे झालात तर पिवळ्या वसाहती बहुधा नोंदवायच्या राहतील, कारण त्या सावकाश वाढतात.

नोंदवहीतले आकडे

आपल्या नमुना जर्नलमध्ये 48 तासांनंतरची नोंद अशी आहे. न धुतलेल्या बोटांच्या भागात 38 वसाहती, नुसत्या पाण्याने धुतलेल्या भागात 64, साबणाने धुतलेल्या भागात 41 आणि सॅनिटायझरच्या भागात 2. नियंत्रण प्लेटवर एकच, हिरवट आणि मखमली.

एवढ्यावरून निष्कर्ष काढला तर तो विचित्रच निघणार. पाणी घातक, साबण निरुपयोगी, सॅनिटायझर सर्वश्रेष्ठ. पण या विद्यार्थ्याने एक चांगली गोष्ट केली होती. त्याने प्रत्येक भागातल्या वसाहती आकार, रंग, कडा आणि पोत पाहून वेगवेगळ्या मोजल्या होत्या.

न धुतलेल्या भागातल्या 38 पैकी 25 लहान, पांढऱ्या, गोल आणि फुगीर होत्या. 4 गडद पिवळ्या, 5 मोठ्या, चपट्या, कोरड्या आणि वेड्यावाकड्या कडांच्या, 3 चकचकीत व चिकट, आणि 1 बुरशी. पाण्याच्या भागात मात्र 64 पैकी 58 पांढऱ्या, 5 पिवळ्या आणि 1 चपटी. साबणाच्या भागात 38 पांढऱ्या, 3 पिवळ्या, बाकी काही नाही. सॅनिटायझरच्या भागात एक पांढरी आणि एक चपटी.

आता चित्र पालटते. हात धुतल्यावर बेरीज वाढली, पण प्रकार कमी झाले. चपट्या आणि चिकट मिळून 8 होत्या. पाण्याने 1 उरली, साबणाने एकही नाही.

कायमचे आणि तात्पुरते

हा फरक 1938 साली अमेरिकन शल्यचिकित्सक फिलिप प्राइस यांनी स्पष्ट मांडला. ते एकामागून एक स्वच्छ पाण्याच्या पात्रांत हात घासून धुवायचे आणि प्रत्येक पात्रातल्या पाण्यात किती जिवाणू उतरले ते मोजायचे. बाहेरून लागलेले जिवाणू पहिल्या पात्रांतच निघून जात, पण नंतरही प्रत्येक पात्रात जिवाणू येतच राहत, हळूहळू कमी होत. म्हणजे त्वचेवर दोन वस्त्या असतात. एक तात्पुरती, दाराच्या कडीवरून, भाजीवरून, मातीतून आलेली. दुसरी कायमची, केसांच्या मुळांशी आणि त्वचेच्या वरच्या थरांच्या खपल्यांमध्ये राहणारी.

आपल्या प्लेटवरच्या लहान पांढऱ्या वसाहती या कायमच्या वस्तीशी जुळतात. माणसाच्या त्वचेवर सर्वत्र आढळणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नेमका असाच वाढतो. गडद पिवळ्या वसाहती मायक्रोकॉकस ल्युटिअसशी जुळतात. चपट्या, कोरड्या वसाहती बॅसिलस गटाच्या असाव्यात. तो मातीतला आणि धुळीतला, म्हणजे हातावर पाहुणा.

मग पाण्याने आकडा का वाढला?

पहिले कारण ओलाव्याचे. ओल्या बोटावरून पृष्ठभागावर कोरड्या बोटापेक्षा कितीतरी जास्त जिवाणू उतरतात. या विद्यार्थ्याने पाण्याने धुतल्यावर बोटे नुसती झटकली होती. त्याच्याच आकृतीत त्याचा पुरावा आहे. पाण्याच्या भागातल्या बऱ्याच वसाहती ठशाच्या बाहेर, पाणी ओघळले त्या रेषेवर रांगेत आल्या आहेत. कोरड्या बोटाच्या वसाहती ठशाच्या आतच राहतात. प्लेट पाहताना ही खूण आधी शोधावी.

दुसरे कारण त्वचेचे. पाण्याने वरच्या मृत पेशी फुगतात, चोळल्याने खपल्या सुटतात आणि आत दडलेले कायमचे रहिवासी वर येतात.

तिसरे कारण मोजणीतच दडलेले आहे. एक वसाहत म्हणजे एक जिवाणू, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, पण स्टॅफिलोकॉकस द्राक्षांच्या घोसासारखा पुंजक्याने राहतो. पन्नास पेशींचा पुंजका एकत्र पडला तर त्याची वसाहत एकच होते. चोळून तो पुंजका फुटला आणि दहा जागी पडला तर दहा वसाहती दिसतात. जिवाणू तेवढेच, आकडा दहापट. म्हणून अहवालात ‘जिवाणूंची संख्या’ न लिहिता ‘वसाहत निर्माण करणाऱ्या एककांची संख्या’ लिहायची असते. शिक्षक या शब्दांवर अडतात ते उगाच नव्हे.

सॅनिटायझरच्या त्या दोन वसाहती

60 ते 80 टक्के अल्कोहोल पेशींची प्रथिने बिघडवते आणि पांढऱ्या, पिवळ्या, चिकट अशा बहुतेक जिवाणूंना मारते. पण बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. म्हणून सॅनिटायझरच्या भागात उरलेली चपटी वसाहत दिसली तर आश्चर्य नको.

तरीही 2 या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. काही सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलशिवाय क्लोरहेक्सिडिनसारखे पदार्थ असतात. ते बोटावरून अगारमध्ये झिरपतात आणि प्लेटवर जिवंत पोहोचलेल्या जिवाणूंची वाढही थांबवतात. म्हणजे हातावर ते असतीलही, प्लेटवर फक्त उगवत नाहीत. याची तपासणी अवघड नाही. सॅनिटायझर लावलेले बोट कोऱ्या प्लेटवर टेकवा आणि त्याच ठशावर ओळखीच्या जिवाणूची पातळ रेघ ओढा. ठशाच्या जागी रेघ उगवली नाही तर औषध अगारमध्ये उतरले आहे. अशा वेळी माध्यमात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट 80 घालतात. ते उरलेला पदार्थ निष्क्रिय करतात.

बुरशीच्या एका वसाहतीचा हिशोब नियंत्रण प्लेटच देते. न छेडलेल्या प्लेटवरही तशीच एक उगवली आहे, तेव्हा ती हवेतून आली असण्याची शक्यता आहे. बोटाच्या खात्यावर ती मांडता येत नाही.

रंगावरून नाव ठेवू नये

जर्नलमध्ये सर्वांत घाईने लिहिले जाणारे वाक्य म्हणजे ‘पिवळी वसाहत = स्टॅफिलोकॉकस ऑरिअस’. पिवळ्या रंगाचे जिवाणू बरेच आहेत आणि स्टॅफिलोकॉकस ऑरिअसची वसाहत कधी सोनेरी, कधी पांढरटही असते. म्हणून वर मी ‘जुळतात’ असा शब्द वापरला. नाव घ्यायचे तर ग्रॅम रंजन करावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोल पुंजक्यात दिसले तर स्टॅफिलोकॉकसची शक्यता, चारचारच्या चौकटीत दिसले तर मायक्रोकॉकसची. ऑरिअस आणि एपिडर्मिडिस वेगळे करायला कोअॅग्युलेज चाचणी लागते. ऑरिअस ती देतो, एपिडर्मिडिस देत नाही. चिकट वसाहतींबद्दल तर ग्रॅम रंजनाशिवाय एक अक्षर लिहू नये.

जे उगवले नाही त्याचीही आठवण ठेवावी. ऑक्सिजनमध्ये नीट न वाढणारे त्वचेवरचे जिवाणू, उदाहरणार्थ मुरुमांशी जोडला जाणारा क्युटिबॅक्टेरियम अॅक्निस, उघड्या हवेतल्या प्लेटवर येणारच नाहीत. झाकण चारही बाजूंनी टेपने बंद केले तर प्लेटमधला ऑक्सिजन कमी होतो आणि कोणती वाढ व्हायची तेच बदलते. दोन-तीन छोट्या पट्ट्या पुरतात.

निष्कर्ष कसा लिहावा

या आकड्यांवरून मी विद्यार्थ्याला असे लिहायला सांगेन: ‘साबणाने धुतल्यावर चपट्या व चिकट वसाहती 8 वरून 0 झाल्या. पांढऱ्या वसाहती 25 वरून 38 झाल्या. बोटे ओली असल्याने त्यांचे जास्त स्थलांतर झाले असावे. एका व्यक्तीच्या एका प्लेटवरून कार्यक्षमतेची टक्केवारी काढलेली नाही.’ रंग आणि आकारावरून केलेली ओळख प्राथमिक आहे, हेही त्याखाली यावे.

ओलाव्याचे कारण खरे आहे का, हे तपासण्याचा मार्ग त्याच प्रयोगशाळेत आहे. पुढच्या बॅचने पाण्याने धुतलेली बोटे निर्जंतुक कागदाने पूर्ण कोरडी करून टेकवावीत आणि शेजारी ओली बोटे ठेवावीत. निदान पाच जणांचे ठसे घ्यावेत आणि कोणती प्लेट कोणाची हे मोजणाऱ्याला सांगू नये. कोरड्या बोटांच्या पांढऱ्या वसाहती ठळकपणे कमी आल्या तर वाढीचा मोठा वाटा पाण्याचा होता. तेवढ्याच आल्या तर चोळण्याने सुटलेल्या खपल्यांकडे पाहावे लागेल. मोजणी झाल्यावर प्लेट न उघडता ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात.