दसऱ्याचा झेंडू: लागवडीची तारीख उलटी मोजा

दहा गुंठ्यांतल्या झेंडूच्या व्हिडिओत मी तारखांचा भाग जरा घाईत सांगितला, आणि नंतर सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. म्हणून इथे तेवढंच नीट बघू.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी 2024 साली 2 ऑगस्टला रोपं लावली. दसरा 12 ऑक्टोबरला होता, माल अगदी वेळेवर आला. पुढच्या वर्षीही त्यांनी तीच तारीख धरली. पण 2025 चा दसरा होता 2 ऑक्टोबरला! सणाच्या दिवशी शेतात कळ्याच जास्त, फुलं थोडी. भर आला तेव्हा बाजार उतरला होता. दिवाळीत थोडं सावरलं, पण दसऱ्याचा भाव गेला तो गेलाच. रोपं चांगली होती, खतपाणी वेळेवर होतं. चुकलं ते फक्त कॅलेंडर.

आपले सण तिथीवर चालतात. साधारण दर वर्षी ते दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दसरा 20 ऑक्टोबरला आहे. म्हणजे लागवडीची तारीख गेल्या वर्षावरून नाही, सणावरून मागे मोजत ठरवायची.

हिशेब करून बघा. हारवाले दसऱ्याचा माल एक-दोन दिवस आधी घेतात, कारण हार ओवायलाच रात्र जाते. म्हणून मोठी तोडणी 18 ऑक्टोबरला धरा. शेंडा खुडलेल्या झेंडूला लागवडीपासून पहिली फुलं दिसायला साधारण 60 दिवस लागतात आणि भर यायला आणखी आठ-दहा. एकूण 70 दिवस मागे गेलात की 9 ऑगस्ट येतो. रोपवाटिकेत रोप तयार व्हायला 25 ते 30 दिवस लागतात, म्हणजे ऑर्डर जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत द्यायला हवी. ऐनवेळी गेलात तर उरलेली, उंच वाढून लवंडलेली रोपं मिळतात. जात बदलली की हे दिवस थोडे मागेपुढे होतात, तेव्हा ऑर्डर देतानाच विचारून घ्या.

सगळा प्लॉट एका दिवशी लावू नका. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तोडणी 6 तारखेला धरली तर दुसरी लागवड 28 ऑगस्टच्या आसपास येते. दोन ओळींत चार फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवलं तर दहा गुंठ्यांत साधारण 1,800 रोपं बसतात. निम्मी आधी, निम्मी नंतर.

शेंडा खुडणं म्हणजे लागवडीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी मधला कोंब काढणं. त्याने फुटवे वाढतात, फुलं जास्त येतात, पण पहिलं फूल आठवडा-दहा दिवस लांबतं. लागवडीला उशीर झाला असेल तर खुडू नका. फुलं कमी मिळतील, पण सणाला मिळतील. उलट कळ्या फार लवकर दिसल्या तर पहिल्या कळ्या काढून टाका.

आता विक्री. रोपं लावण्याआधी जवळच्या देवळाबाहेरच्या तीन-चार हारवाल्यांना भेटून या. "झेंडू घेणार का?" हा प्रश्न फुकट आहे, हो म्हणायला कोणाचं काय जातं! विचारायचं ते असं: रोज किती किलो लागतो, कोणत्या वारी जास्त, पिवळा की केशरी, सकाळी किती वाजता हवा. हारवाल्याला एकसारखं, घट्ट फूल लागतं आणि खालचा हिरवा भाग शाबूत लागतो, नाहीतर सुईत ओवताना पाकळ्या सुटतात. ओलं फूल वजनाला भरतं खरं, पण पोत्यात गरम होऊन काळं पडतं, आणि हे हारवाल्याला तुमच्याआधी माहीत असतं. पाऊस असेल तर फुलं सावलीत पसरून वारं लागू द्या, मगच क्रेटमध्ये भरा.

भावाचं बोलणं दोन भागांत करा. रोजच्या मालाला ठरलेला भाव, सणाच्या दोन दिवसांना त्या दिवशीच्या बाजाराचा भाव. असं केलं की मंदीत तुमचा माल पडून राहत नाही आणि तेजीत तुम्हाला हळहळ वाटत नाही. पण सणाला बाहेर जास्त भाव मिळतोय म्हणून रोजच्या हारवाल्याला माल नाकारू नका. दसरा झाल्यावर पुढचा महिनाभर त्याच्याकडेच जायचं आहे.

दसऱ्याच्या दुपारनंतर मात्र भाव धरून बसू नका. रस्त्याकडेला उरलेले ढीग तुम्हीही पाहिले असतील. त्या सकाळी अकराला जो भाव मिळेल त्याला माल मोकळा करा आणि झाडावरच्या कळ्या दिवाळीसाठी ठेवा.