‘औदुंबर’ : आठ ओळींच्या शतकभराच्या वाचनाचा मागोवा

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना जळगावच्या 1907च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. या दोन तारखांमधल्या लेखनापैकी ज्या कवितेवर मराठीत सर्वांत जास्त तर्क लढवले गेले असतील, ती ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिची तीन वाचने ठळकपणे चालत आली. पहिल्या वाचनाला ती निसर्गकवीने काढलेले सुरेख चित्र वाटली. दुसऱ्याने औदुंबरात दत्ताचे झाड पाहिले आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या झाडाला विरक्त योगी केले. तिसऱ्याने कवीचा अकाली मृत्यू मागे नेऊन कवितेतल्या डोहाशी जोडला. तिन्ही वाचनांना एक गोष्ट जाणवली होती: चित्र हिरवेगार असूनही कविता संपताना मन आनंदी नसते, आणि त्याला सरळ दुःखही म्हणता येत नाही. ही भावछटा येते कुठून, याचे उत्तर मात्र तिघांनीही कवितेबाहेर शोधले. माझे म्हणणे असे की ते उत्तर आठ ओळींच्या शब्दांत आणि नादात पुरेपूर आहे, आणि ते बोट ठेवून दाखवता येते.

तसे दाखवण्याची साधने मराठीत उशिरा आली असेही नाही. माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ 1927 साली निघाली. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ 1941 साली लिहिली. संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांतून कलाकृतीची लय घडते, हा त्यांचा विचार पुढे सर्वपरिचित झाला. म्हणजे मात्रा मोजण्याचे शास्त्रही हाताशी होते आणि त्या मोजणीचा भावार्थाशी संबंध जोडणारा विचारही होता. तरी शाळा-कॉलेजांच्या वर्गांत ‘औदुंबर’ बहुतेक वेळा ‘कवीला काय सांगायचे आहे’ याच प्रश्नाने शिकवली गेली. ती कानाने वाचली तर काय मिळते, ते पाहू.

आधी रंग घेऊ, कारण ते डोळ्यांना लगेच दिसतात. कविता दोन-दोन ओळींच्या चार जोड्यांची आहे. पहिल्या तीन जोड्यांपैकी प्रत्येकीत हिरवा रंग एकेकदा येतो: आधी झऱ्याच्या काठची हिरवाळी, मग शेतमळ्यांची हिरवी दाटी, मग हिरवी कुरणे. चौथ्या जोडीत हिरवा नाही. तिथे फक्त काळिमा आहे. पण हा काळिमा अचानक अवतरत नाही. दुसऱ्याच ओळीत झऱ्याला ‘निळासावळा’ म्हटले आहे, म्हणजे सावळेपण सुरुवातीपासून पाण्यात मिसळलेले आहे. सहाव्या ओळीच्या शेवटी डोह काळा होतो आणि सातवीत तो रंग लाटांवर पसरतो. पाण्याची अवस्थाही याच क्रमाने बदलते. सुरुवातीला झरा आहे, तो वाहतो. पुढे डोह आहे, तो साचलेला असतो. शेवटी नुसते ‘जळ’ उरते. क्रियापदेही तीच वाट धरतात. आरंभी वाहणे आहे, मधे चालणे आहे, अखेर बसणे आहे. चित्रात काहीही अशुभ घडत नाही. फक्त हालचाल मंदावत जाते आणि रंग गडद होत जातो.

हीच उतरण नादातही ऐकू येते. ‘ळ’ हा वर्ण पहिल्या जोडीत तीनदा येतो, हिरवाळीत एकदा आणि निळासावळ्यात दोनदा. मधल्या दोन जोड्यांत तो एकेकदाच ऐकू येतो. चौथ्या जोडीत तो पुन्हा दाटतो आणि चारदा येतो: ‘झाकळुनी’, ‘जळ’, ‘काळिमा’, ‘जळांत’. त्यांतले तीन सातव्या ओळीच्या पहिल्या दोन तुकड्यांत आहेत. जो ध्वनी आरंभी हिरव्या-निळ्या रंगांबरोबर कानात बसला होता, तोच शेवटी अंधार आणि पाण्याबरोबर परततो. त्यामुळे काळोख परका वाटत नाही, ओळखीचा वाटतो. काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो, त्या विशेषणाची तयारी कानाने आधीच केलेली असते.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. ‘ळ’ मराठीत पावलोपावली भेटतो. त्याला स्वतःचा असा कोणता भाव आहे? याच कवीची ‘फुलराणी’ हसरी, खेळकर आहे, आणि तिच्यातही मृदू वर्ण भरपूर आहेत. नादावरून भाव ठरवणे म्हणजे आधी अर्थ ठरवायचा आणि मग अक्षरांना तो चिकटवायचा, असे नाही का? उत्तर असे की सुट्या वर्णाला भाव नसतो, हे मान्यच आहे. ‘ळ’ म्हणजे उदासी असे कोष्टक कुणी मांडले तर ते टाकूनच द्यावे. पुरावा वर्णात नसतो, वाटणीत असतो: तो कुठे दाटतो, कुठे विरळ होतो, आणि दोन्ही वेळा कोणत्या अर्थाच्या शब्दांत बसतो. तीन, एक, एक, चार ही वाटणी याच कवितेची आहे, आणि शब्दार्थाशी ताडून पाहिल्यावरच ती बोलू लागते.

याहून भक्कम पुरावा मात्रांत आहे. प्रत्येक ओळ आठ-आठ मात्रांच्या तीन तुकड्यांची आहे आणि शेवटी तीन मात्रांचे एक शेपूट आहे. मोजताना कानावरच विसंबावे लागते, डोळे फसवतात. ‘शेतमळ्यांची’ या शब्दात जोडाक्षरामागचा ‘म’ मराठी उच्चारात लघुच राहतो. तो गुरू धरला तर नऊ मात्रा होतात आणि ओळ बिघडल्याचा भास होतो. जुन्या छपाईतले पुष्कळ अनुस्वारही उच्चारले जात नसत, ते नादाच्या हिशेबात धरले की निष्कर्ष चुकतो. एवढी काळजी घेऊन मोजले की एक विलक्षण गोष्ट दिसते. आठपैकी सहा ओळींत पहिल्या आठ मात्रा संपतात तिथे शब्दही संपतो. दुसऱ्या ओळीत ‘निळासावळा’ हा एकच शब्द आठ मात्रा भरून थांबतो, चौथीत ‘शेतमळ्यांची’ तेच करतो. फक्त पाचवी आणि सहावी ओळ हा नियम मोडते. पाचवीत ‘पायवाट’ सहा मात्रांची आहे, आणि पुढचा ‘पांढरी’ हा शब्द यतीच्या दोन्ही बाजूंना फाटतो: ‘पां’ अलीकडे, ‘ढरी’ पलीकडे. सहावीत ‘कुरणांमधुन’ तसाच मधेच तुटतो. आता या दोन ओळींत आहे काय? शेतांमधून आडवीतिडवी जाणारी पायवाट. वाट वळते त्याच जागी ओळही वळते. त्यातही ‘अडवीतिडवी’ हा वाकडेपणा सांगणारा शब्द बरोबर आठ मात्रांचा आहे आणि आपल्या तुकड्यात नीटनेटका बसतो. म्हणजे वाकडेपणा शब्दाने सांगण्याआधीच तो चालीतून जाणवलेला असतो. मग सातव्या आणि आठव्या ओळीत शब्द आणि तुकडे पुन्हा जुळतात, सगळे स्थिरावते, आणि कविता झाडापाशी पोचते.

ओळींची शेपटेही अशीच बोलकी आहेत. मधल्या चारही ओळी ‘कडे’, ‘पुढे’, ‘पडे’, ‘कडे’ अशा मोकळ्या दीर्घ ‘ए’ने संपतात. तोंड उघडे राहते आणि नजर पुढे जाते. अर्थानेही यांतले तीन शब्द दिशा दाखवणारे आहेत. पहिली आणि शेवटची जोडी मात्र बंद उच्चाराने संपते, एकीकडे ‘ऊन’ आणि ‘तुन’, दुसरीकडे ‘वर’ आणि ‘बर’. शेवटच्या दोन्ही ओळींत शेपटाला तीनाऐवजी दोनच मात्रा मिळतात, उरलेली जागा आवाज लांबवून किंवा गप्प राहून भरावी लागते. आठव्या ओळीत ‘औदुं’पाशी तुकडा संपतो आणि ‘बर’ एकटे उरते. ‘औ’ हा स्वर साऱ्या कवितेत या एकाच शब्दात आहे.

तो शब्द इतका मागे ठेवण्यामागे वाक्यरचनेचीही खुबी आहे. सातव्या ओळीत पाणी झाकोळते, काळिमा पसरतो, पण हे कोण करते ते कळत नाही. क्षणभर वाटते की काळिमाच कर्ता आहे, अंधार स्वतःच पसरत आहे. खरा कर्ता शेवटच्या शब्दाला येतो, आणि तो निघतो एक झाड, तेही माणसासारखे पाय सोडून बसलेले. अनामिक काळोखाची किंचित भीती आणि तिला मिळालेला हा घरगुती चेहरा, या दोहोंच्या ताणातून ती भावछटा तयार होते. ‘बसला’च्या पाठोपाठ येणारा ‘असला’ हा शब्द तोच नाद पुन्हा उमटवतो आणि सबंध चित्राकडे बोट दाखवतो.

एक आक्षेप उरतो. हे सगळे कवीने मोजूनमापून केले असेल का? बहुधा नाही. पण मात्रावृत्ते म्हणत वाढलेल्या कवीचा कान हे काम मोजणीशिवाय करतो, आणि कवितेत काय आहे याचा निर्णय कवीच्या हेतूवर अवलंबून नसतो. दत्ताचे झाड आणि रेल्वेचा अपघात या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी त्यांतली कोणतीही ‘गोड’ हे विशेषण समजावून देऊ शकत नाही. योगी मानले तर काळिमा पवित्र व्हायला हवा होता, मृत्यू मानला तर भीषण. अपघाताचे वाचन तर कवीला स्वतःला माहीत नसलेली गोष्ट त्याच्या ओळीत घालते. म्हणून प्रतीकाचे वाचन मी अनावश्यक मानतो आणि चरित्राचे वाचन चुकीचे. निसर्गचित्राचे पहिले, साधे वाचन या दोहोंपेक्षा कवितेच्या जवळचे होते, फक्त ते डोळ्यांपाशी थांबले. पुस्तक काढा, आठही ओळी चालीवर मोठ्याने म्हणा, आणि पाचव्या ओळीत ‘पां’नंतर श्वास घेता येतो का ते पाहा.