इन्व्हर्टरची बॅटरी घेताना ब्रँड कसा निवडायचा? आधी वॉरंटी कार्ड वाचा!



घरून काम करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, लाइट सारखी जाते. बॅटरी कोणत्या कंपनीची घेऊ? एक नाव सांगा." एक नाव मी सांगणार नाही, कारण नुसत्या नावावर बॅटरी ठरत नाही. एक्साइड, ल्युमिनस, अमरॉन, लिवगार्ड, मायक्रोटेक, व्ही-गार्ड ही सगळी बाजारातली माहितीतली नावं आहेत. पण एकाच कंपनीच्या १५० एएचच्या दोन-तीन बॅटऱ्या असतात. एक स्वस्त आणि कमी वॉरंटीची, दुसरी महाग, वजनाने भारी आणि जास्त वॉरंटीची. म्हणजे निवड ब्रँडची नाही, त्या ब्रँडमधल्या मॉडेलची करायची असते. ती कशी करायची, ते एका उदाहरणाने बघू.

आधी आपली गरज मोजा

समजा, तालुक्याच्या गावात एक ताई घरी ब्लाउज शिवतात. दुपारी तीन तास लाइट जाते. त्यांना चालवायचं आहे एवढंच: मशीनची मोटर १०० वॅट, दोन पंखे १५० वॅट, दोन एलईडी बल्ब १८ वॅट आणि वायफायचा राउटर १० वॅट. बेरीज झाली २७८, आपण २८० धरू.

२८० गुणिले ३ तास म्हणजे ८४० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून ०.८ ने भागा. आले १०५०. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून १२ ने भागा. उत्तर साधारण ८८ एएच.

मग १०० एएचची बॅटरी पुरेल का? नाही. बॅटरीवर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा सी-२० चा असतो, म्हणजे बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा. तीन-चार तासांत ओढली तर त्यापेक्षा कमी मिळतं. शिवाय बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली, तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून ताईंसाठी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी योग्य. फ्लॅट प्लेटची बॅटरी स्वस्त मिळते, पण ती कधीतरी लाइट जाणाऱ्या घरासाठी. रोज जात असेल तर ट्युब्युलरच घ्या.

दोन ब्रँडची तुलना करताना हेही बघा की एकाने आकडा सी-२० चा आणि दुसऱ्याने सी-१० चा तर दिलेला नाही ना. सी-१० चे १५० एएच म्हणजे प्रत्यक्षात जास्त ताकदीची बॅटरी. किंमत जास्त दिसली तरी तुलना समान नाही, हे लक्षात ठेवा.

"६० महिने वॉरंटी" म्हणजे नक्की काय?

खरी गंमत इथे आहे. दुकानदार म्हणतो, "पाच वर्षं वॉरंटी आहे, बिनधास्त घ्या." कार्डवर मात्र लिहिलेलं असतं ३६ + २४. पहिले ३६ महिने बॅटरी खराब झाली तर बदलून मिळते. पुढचे २४ महिने प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर फक्त सवलत.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरा. बॅटरीची एमआरपी २०,००० रुपये आहे, पण बाजारात ती १४,००० ला मिळते. चाळिसाव्या महिन्यात बॅटरी गेली आणि कार्डप्रमाणे ४० टक्के सवलत बसली. ही सवलत बऱ्याचदा एमआरपीवर मोजतात. म्हणजे ८,००० वजा, भरायचे १२,०००. वर जुनी बॅटरी कंपनीकडे जमा करायची.

याउलट वॉरंटी विसरून बाजारात गेलात तर? नवी बॅटरी १४,००० ची. जुनी बॅटरी भंगारात दिली की त्यातल्या शिशामुळे चांगले पैसे सुटतात. ३,००० धरले, तरी खर्च ११,०००. म्हणजे वॉरंटी वापरून उलट हजार रुपये जास्त गेले!

म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एकूण महिने बघू नका. बदलून मिळण्याचे महिने बघा. ४८ महिने पूर्ण बदलून देणारी बॅटरी, ३६ + २४ वाल्या बॅटरीपेक्षा बहुतेक वेळा फायद्याची. अजून एक बारीक गोष्ट: बदलून मिळालेल्या बॅटरीला साधारणपणे नवी वॉरंटी मिळत नाही, जुन्या वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळतात.

दुकानात उभे असताना काय तपासाल?

पहिलं, बनल्याची तारीख. बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. बॅटरीवर तारखेचा कोड असतो. तो दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. मल्टिमीटर लावायला सांगा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर ती घेऊ नका.

दुसरं, वजन. एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांत जी भारी, तिच्यात साधारणपणे शिसं जास्त. वजन कंपनीच्या माहितीपत्रकात असतं.

तिसरं, सर्व्हिस. दुकानदाराला सरळ विचारा, "बॅटरी खराब झाली तर तपासायला कोण येणार, कुठून येणार?" सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असेल आणि पन्नासेक किलोची बॅटरी तुम्हालाच टेम्पोत घालून न्यावी लागत असेल, तर तो ब्रँड तुमच्या गावापुरता विश्वासाचा नाही. जवळच्या दोन-तीन ग्राहकांना विचारा की क्लेम किती दिवसांत मिळाला.

चौथं, पक्कं बिल. त्यावर बॅटरीचा सिरियल नंबर हवा, आणि वॉरंटीची नोंदणी त्याच दिवशी करून घ्या.

चांगला ब्रँडही कधी लवकर जातो?

ताईंच्या बॅटरीतून तीन तासांत ८८ एएच निघाले. इन्व्हर्टर १५ अँपिअरने चार्ज करत असेल, तर ते परत भरायला आठ-दहा तास लागतात. दुपारी लाइट गेली आणि संध्याकाळी पुन्हा तीन तास गेली, तर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेली बॅटरी रोज वापरली की कोणतीही कंपनी असो, ती लवकर मरते. अशा वेळी एक पंखा कमी करा, किंवा मोटर फक्त लाइट असताना चालवा.

पाणी फक्त डिस्टिल्ड घाला. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेट खराब करतात, आणि पाण्याअभावी प्लेट उघड्या पडल्या असतील तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. फ्लोटची खूण महिन्यातून एकदा बघितली तरी पुरे.

तर मित्रांनो, दुकानात जाताना २८० वॅट, तीन तास असा आपला हिशोब कागदावर घेऊन जा. आणि किंमत विचारण्याआधी कार्ड मागा: बदलून मिळण्याचे महिने किती?