मामाकडे, रोमला, इटलीला : इटालियनमधल्या 'जाण्या'च्या तीन वाटा

डॉक्टरकडे जायचे असो, रोमला जायचे असो की इटलीला, इंग्रजीचे 'गो टु' एवढ्यावर भागते. इटालियनमध्ये मात्र त्या एका 'टु'च्या जागी तीन वेगळे शब्द येतात: 'आ', 'इन' आणि 'दा'. आपली मुले इथे इटालियन शिकतात ती इंग्रजीच्या आधाराने, आणि नेमकी या जागी अडखळतात. माझे म्हणणे असे, की इथे इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून विचार करावा. अर्धे काम आपोआप होते. उरलेल्या अर्ध्यात मराठी कुठे दगा देते, तेही पाहू.

आधी माणसे. आपण 'डॉक्टरला जातो' म्हणत नाही, 'डॉक्टरकडे जातो' म्हणतो. इटालियनचा 'दा' म्हणजे हाच 'कडे'. मारियाकडे जातो, 'वादो दा मारिया'. डॉक्टरकडे जातो, 'वादो दाल मेदिको'. यातला 'दाल' म्हणजे 'दा' आणि 'इल' हे उपपद यांचा संधी. आपण वाण्याकडे जातो, पण दुकानात जातो. तसेच इटालियन माणूस पाववाल्याकडे जाताना 'दाल पानेत्तिएरे' म्हणतो आणि त्याच्या दुकानात जाताना 'इन पानेत्तेरीया'. माणूस आला की 'दा', हे धरून चालावे. 'वादो आ मारिया' हे इंग्रजीतून आलेले चुकीचे वाक्य आहे. पत्र लिहायचे असेल तर मात्र 'स्क्रीवो आ मारिया', कारण तिथे आपणही 'मारियाला लिहितो' असेच म्हणतो.

'दा'ची एक खोच आहे. त्याचा दुसरा अर्थ 'हून' किंवा 'पासून' असा आहे. 'वेंगो दा रोमा' म्हणजे मी रोमहून येतो. शहराच्या बाबतीत शंका उरत नाही. पण 'वेंगो दा मारिया' याचे 'मारियाकडून येतो' आणि 'मारियाकडे येतो' असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत 'कडे' आणि 'कडून' वेगळे आहेत, इटालियनमध्ये ते संदर्भावरून ओळखावे लागतात. 'कुठून आलास?' या प्रश्नाचे उत्तर असेल तर 'कडून'; 'आम्ही मारियाकडे चाललो, येतोस का?' असे विचारल्यावरचे उत्तर असेल तर 'कडे'.

आता स्थळे. इथे मराठी उपयोगी पडत नाही, कारण आपण रोमलाही 'ला' लावतो आणि इटलीलाही. इटालियन माणूस शहर आणि देश यांत फरक करतो. शहराला किंवा गावाला 'आ': 'वादो आ रोमा'. देश, खंड आणि प्रांत यांना 'इन': 'वादो इन इतालिया', 'इन एउरोपा', 'इन तोस्काना'. अमेरिकेचे नाव इटालियनमध्ये अनेकवचनी असल्यामुळे 'इन'ला उपपद चिकटते आणि 'नेल्यी स्ताती उनीती' असे होते. बेटांचे थोडे निराळे आहे. सिसिली आणि सार्डिनिया हे मोठे प्रांत, म्हणून 'इन सिचीलिया', 'इन सार्देन्या'. काप्रीसारख्या लहान बेटाला गावासारखे 'आ' लागते. माल्टा, क्यूबा आणि सायप्रस हे देश असूनही बेटे असल्यामुळे 'आ' घेतात.

दुसरा दगा असा. मराठीत जाताना 'रोमला' आणि राहताना 'रोममध्ये'. इटालियनमध्ये दोन्हीकडे 'आ' च: 'वादो आ रोमा', 'आबितो आ रोमा'. 'मध्ये' मनात आले म्हणून 'आबितो इन रोमा' म्हणू नये. हालचाल आहे की मुक्काम, हे क्रियापद सांगते. 'आ' की 'इन' हे फक्त स्थळ ठरवते.

घर, शाळा, कचेरी यांना मात्र सरळ नियम नाही. 'आ काझा', 'आ स्कुओला', पण 'इन उफीचो', 'इन बांका'. हे जोडीने पाठ करावे लागते.

आता एक वाक्य पुरते जुळवून पाहू: 'पुढच्या महिन्यात मी इटलीला जाणार, आधी रोमला, मग नेपल्सला मामाकडे आणि तिथून काप्रीला.' इटलीला, देश, म्हणून 'वादो इन इतालिया'. रोमला, शहर, म्हणून 'प्रीमा आ रोमा'. मामाकडे, माणूस, म्हणून 'पोई दा मिओ झीओ'. एकवचनी नात्याच्या शब्दाआधी 'माझा' आला की उपपद गळते, म्हणून इथे 'दाल' नाही. नेपल्सला, 'आ नापोली'. तिथून, 'ए दा ली'. हा 'दा' 'हून'चा. काप्रीला, लहान बेट, म्हणून 'आ काप्री'. एकाच वाक्यात 'दा' दोनदा आला, एकदा 'कडे' म्हणून आणि एकदा 'हून' म्हणून. आणि आपल्या चार 'ला'पैकी एकाचा 'इन' झाला, तिघांचा 'आ'.

घरी मुलांना शिकवताना मी दोनच प्रश्न विचारायला सांगतो. जायचे ते माणसाकडे का? असेल तर 'दा'. नसेल, तर गाव की देश? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मराठीतच असते. दुसऱ्यासाठी तेवढा नकाशा लागतो.