मिरची पुडीच्या आराखड्याला किती गुण?

बचत गटाचा व्यवसाय आराखडा ग्रामसंघाच्या बैठकीत आला की सगळ्यांची नजर आधी शेवटच्या ओळीतल्या नफ्यावर जाते. माझ्या मते ती ओळ सगळ्यात शेवटी वाचावी. गुण द्यायचे ते नफ्याला नव्हे, तर त्यामागच्या प्रत्येक आकड्याचा पुरावा गटाकडे आहे का, याला.

दहा बायकांच्या गटाचा लाल मिरची पुडीचा एक नमुना आराखडा घेऊ. दरमहा 100 किलो सुकी मिरची, 200 रुपये किलोने 20,000 रुपये. कांडप 1,500, पिशव्या आणि लेबलं 1,500. विक्री 100 किलो, 300 रुपये दराने 30,000. नफा 7,000, आणि कर्जाची मागणी 60,000 रुपये. खर्चाला 30, मागणीला 30, परतफेडीला 25 आणि जोखमीला 15, असे एकूण 100 गुण धरू.

खर्चातली पहिली चूक लगेच दिसते. 100 किलो मिरचीची 100 किलो पूड होत नाही. देठ खुडले, पुन्हा ऊन दिलं, कांडपात थोडं उडालं की हातात साधारण 88 किलो उरते. नेमका आकडा मिरचीच्या जातीवर आणि ओलाव्यावर ठरतो, म्हणून गटाने आधी पाच किलोचा घाणा करून वजन लिहून आणावं. दुसरी चूक त्याहून मोठी आहे, कारण ती सवयीची आहे. देठ खुडायला, वाळवायला, पॅकिंगला लागणारे बारा दिवस कुठेच धरलेले नाहीत. ‘आमचीच तर मेहनत’ असं बायका म्हणतात. पण त्या दिवसांत शेतावर गेल्या असत्या तर मजुरी मिळाली असती. 300 रुपये रोजाने ती 3,600 होते. त्यात बाजाराला ये-जा करण्याचं भाडं 1,200 मिळवा. एकूण खर्च 27,800 आणि 88 किलोची विक्री 26,400. सात हजारांचा नफा जाऊन 1,400 रुपयांचा तोटा निघाला. किलोमागे खर्चच 316 रुपये पडतो आणि विक्रीचा भाव 300! खर्चाला 30 पैकी 10 गुण.

मागणीसाठी ‘सगळेच खातात’ हे उत्तर चालत नाही. उन्हाळ्यात कित्येक घरं वर्षाचं तिखट स्वतःच करून ठेवतात. सीआरपी ताईंनी तीस घरी विचारलं आणि नऊ घरं दुकानातून पूड घेतात असं कळलं, तर तीनशे घरांच्या गावात नव्वद गिऱ्हाइकं. महिन्याला अर्धा किलो धरलं तरी 45 किलो, आणि तेही सगळी आपल्याकडे वळली तर. खानावळीला माल देता येईल, पण तिथे उधारी असते. गुण 8.

परतफेड पाहताना कर्ज वर्षभराचं आणि व्याज दरमहा 1 टक्का धरू. मग पहिला हप्ता 5,000 मुद्दल आणि 600 व्याज, म्हणजे 5,600. धंदा तोट्यात असताना हा हप्ता घरच्या मजुरीतूनच जाणार. त्या घरांवर मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते आधीच आहेत का, हे इथेच विचारायला हवं. गटाची पंचसूत्री नीट चालते म्हणून सगळे गुण शून्यावर येऊ नयेत, पण 25 पैकी 6 च्या वर मी जाणार नाही.

जोखमीत भाव येतो आणि ओल येते. 2024 च्या मार्चमध्ये ब्याडगीच्या बाजारात मिरचीचा भाव कोसळला तेव्हा शेतकऱ्यांचा उद्रेक झाला होता. महाग घेतलेला साठा घरात असताना असं झालं तर गट अडकतो. पावसाळ्यात बुरशीची भीती असते. मिरची हलवल्यावर बी खुळखुळलं नाही तर ती भरून ठेवण्याइतकी वाळलेली नाही. आराखड्यात साठवणुकीचा उल्लेखच नाही, म्हणून 15 पैकी 5. एकूण 29.

आता हाच आराखडा लहान करू. मिरची 50 किलो, पूड 44 किलो, भाव 360. मजुरीसह खर्च 13,900, विक्री 15,840, शिल्लक 1,940. कर्ज 15,000 घेतलं तर वर्षभराच्या मुदतीत पहिला हप्ता 1,400 आणि हाताशी 540 उरतात. मात्र 360 ला गिऱ्हाईक मिळतं का, हे आधी आठवडी बाजारात थोडी पूड विकून पाहायला हवं. ती विक्री दाखवली तर मी 70 च्या आसपास गुण देईन.

बेरीज मात्र फसवी असते. खर्च आणि मागणीत भरघोस गुण मिळवून परतफेडीत 6 वर अडकलेला आराखडाही पन्नाशी गाठू शकतो. म्हणून ग्रामसंघांना एक विनंती आहे: चारही भागांत किमान निम्मे गुण मिळाल्याशिवाय कर्ज मंजूर करू नका, आणि गुणपत्रिका गटाच्या हाती देताना प्रत्येक कमी गुणाचं कारण त्याच कागदावर लिहा.