मुअत्तल म्हणजे बरतरफ नव्हे : निलंबनाचे पत्र आणि त्या काळातील पगार

उर्दूत दोन शब्द आहेत, मुअत्तल आणि बरतरफ. मुअत्तल म्हणजे काम तूर्त थांबविलेला, बरतरफ म्हणजे नोकरीतून काढून टाकलेला. आमच्या बाजारात मात्र या दोन्ही गोष्टींची सर्रास गल्लत होते. गोदामात माल कमी भरला की शेठजी म्हणतात, "उद्यापासून येऊ नकोस." नोकर घरी बसतो, पगार बंद होतो आणि दोन महिन्यांनी प्रकरण लेबर ऑफिसात जाते. तेथे साहेब पहिला प्रश्न विचारतात : निलंबनाचे पत्र कुठे आहे आणि या दोन महिन्यांत किती पैसे दिलेत? बहुतेक व्यापाऱ्यांकडे याचे उत्तर नसते. म्हणून या पत्रात काय असावे व पैशाचा हिशेब कसा करावा, हे आज एका उदाहरणाने पाहू.

समजा, कापडाच्या गोदामात दरमहा १८,००० रुपये पगाराचा गोदामकीपर आहे. ३० एप्रिलला मोजणी झाली आणि वहीपेक्षा १४ थान कमी आढळले. ही चोरी असू शकते. पण कापडाचा धंदा करणारा प्रत्येक जण जाणतो की रंगाईला गेलेल्या मालाचे चलन वहीत चढवायचे राहिले असले तरीही थान कमीच दिसणार. खरे काय ते चौकशीनंतर कळेल. तोपर्यंत त्याच माणसाच्या हाती वह्या आणि चाव्या राहू नयेत व साक्षीदारांवर दडपण येऊ नये, एवढ्यासाठीच निलंबन असते. पत्राची भाषाही तेवढेच बोलणारी हवी. ती अशी असावी :

"ता. ३० एप्रिल रोजी आपल्या ताब्यातील गोदामाची मोजणी केली असता वहीपेक्षा १४ थान कमी आढळले. याबाबत चौकशी करावयाची आहे. चौकशीचा निर्णय होईपर्यंत आपणांस ता. १ मेपासून निलंबित करण्यात येत आहे. हे निलंबन शिक्षा नसून आपण दोषी आहात असा त्याचा अर्थ नाही. या काळात आपण नोकरीतच आहात. आपला निर्वाह भत्ता दरमहा पगाराच्या दिवशी मिळेल. आरोपपत्र स्वतंत्र देण्यात येईल व खुलासा करण्याची पूर्ण संधी मिळेल."

या पत्रात "आपण माल चोरला" असे वाक्य कुठेही नाही, हे ध्यानात घ्यावे. "आपली लबाडी उघड झाली आहे, म्हणून निलंबित करतो" असे लिहिले, तर मालकाने चौकशीआधीच निकाल दिला असे होते. मग पुढची चौकशी निव्वळ देखावा होती, असे नोकराचा वकील सहज म्हणू शकतो. ज्याच्या हाती असे पत्र पडेल त्याने तेच वाक्य आधी शोधावे. "शिक्षा नाही" असे नुसते लिहूनही भागत नाही, कारण वागणूक तशी हवी. पत्राची नक्कल दुकानाच्या दारावर चिकटवली किंवा आरोपपत्र महिनोन्‌महिने दिलेच नाही, तर ती शिक्षाच होते.

आता पैशाचे पाहू. मोठ्या कारखान्यांसाठी नियम स्पष्ट आहे. स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्यात १९८२ साली सुधारणा होऊन निर्वाह भत्ता आला. तोच नियम आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यातील स्थायी आदेशांचा भाग ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. पहिले ९० दिवस निम्मा पगार द्यायचा. चौकशी त्यापुढे लांबली आणि ती कामगारामुळे लांबली नसेल, तर ७५ टक्के द्यायचे. चौकशीही साधारणपणे ९० दिवसांतच पुरी करावी, असे संहिता सांगते.

आमच्या उदाहरणात हा दर लावून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून रोजचा पगार ६०० रुपये धरू. १ मेपासून २९ जुलैपर्यंत ९० दिवस होतात. रोज ३०० प्रमाणे २७,००० रुपये झाले. चौकशी २८ ऑगस्टला संपली, तर पुढचे ३० दिवस रोज ४५० प्रमाणे १३,५०० रुपये. एकूण ४०,५०० रुपये दिले गेले. १२० दिवसांचा पूर्ण पगार ७२,००० होतो. चलनाचीच चूक निघाली आणि माणूस निर्दोष ठरला, तर उरलेले ३१,५०० रुपये त्याला देऊन कामावर घ्यायचे. आधी दिलेला भत्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत परत मागायचा नसतो, कारण तो चुलीसाठी दिलेला असतो.

पण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांकडे पाच-दहा माणसेच असतात. त्यांना वाटते, हा कायदा आपल्याला लागू नाही, म्हणजे काहीच द्यावे लागणार नाही. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. दिल्लीच्या हॉटेल इम्पीरियलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितले की निलंबनाचा अधिकार कायद्यात, स्थायी आदेशांत किंवा नोकरीच्या करारात असावा लागतो. तो नसेल, तर मालक नोकराला कामावर येऊ नको असे सांगू शकतो, पण पगार त्याला पूर्ण द्यावा लागतो. म्हणजे नेमणुकीचे पत्र नसलेल्या आमच्या गोदामकीपरला निम्मे नव्हे, दरमहा पूर्ण १८,००० द्यावे लागतील. निम्म्याची सवलत हवी असेल, तर निलंबनाचा अधिकार व भत्त्याचा दर नेमणुकीच्या पत्रातच लिहून दोघांच्या सह्या हव्यात. भांडण सुरू झाल्यावर घेतलेल्या सहीला फारशी किंमत नसते.

भत्ता नावापुरता ठेवूनही चालत नाही. आपल्या राज्यात एक नियम असा होता की फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित सरकारी नोकराला, त्याचे अपील चालू असतानाही, महिन्याला फक्त १ रुपया भत्ता मिळे. १९८३ साली चंद्रभान ताळे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

भत्ता अजिबातच दिला नाही, तर काय होते हे कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रकरणात दिसते. तेथील सुरक्षा अधिकारी कॅप्टन पॉल अँथनी यांना १९८५ साली निलंबित केले, पण निर्वाह भत्ता दिला नाही. ते केरळात होते आणि चौकशीला येण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या गैरहजेरीत चौकशी होऊन त्यांना बरतरफ केले गेले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बरतरफी रद्द ठरविली. त्यामागे दोन कारणे होती. त्याच पुराव्यावरच्या फौजदारी खटल्यात ते सुटले होते, आणि भत्त्याअभावी त्यांना चौकशीत आपली बाजू मांडताच आली नव्हती. वर्षांचा पगार वाचविल्यासारखा वाटला, पण शेवटी मागील पगारासह माणूस परत घ्यावा लागला.

म्हणून भत्ता ठरल्या तारखेला, शक्यतो बँकेतून द्यावा आणि रोखीने दिला तर पावतीवर "निलंबन काळातील निर्वाह भत्ता, मे महिना" असे लिहून सही घ्यावी. चौकशी ज्याने माल मोजला त्याच्याकडे न देता तिऱ्हाइताकडे द्यावी. आणि ९० वा दिवस कोणत्या तारखेला येतो, ते पत्र देतानाच वहीत टिपून ठेवावे. दर त्या दिवसानंतर बदलतो आणि चौकशी कोणामुळे लांबली, हा वादही तेथूनच सुरू होतो.